करिअरच्या प्रश्नासाठी ज्योतिषांना पत्र लिहिलंय का? तुमचे अनुभव सांगा

देवगडची मामी
भाचा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत. त्याने एका ज्योतिषांना पत्र लिहिलं. त्याच्या परवानगीने इथे देते. असं पत्र कुणी लिहिलं असेल, उत्तर काय आलं, ते सांगा.

> सप्रेम नमस्कार.
> जन्म १४ नोव्हेंबर १९९८, शनिवार, पहाटे २:३५, देवगड. ही वेळ डिस्चार्ज कार्डावरची. आजी म्हणते, पावणेतीन होत आले होते. ती वारही शुक्रवार सांगते, कारण तिच्या लेखी उजाडेपर्यंत शुक्रवारच. तारीख मात्र १४ पक्की.
> २०२० ला बीई झालो, मार्च २०२१ पासून आत्ताची नोकरी. मस्कतहून दोन वर्षांच्या कराराची ऑफर आहे, महिनाअखेर कळवायचंय. प्रश्न दोनच. एक, तो करार पुढे वाढेल का, की दोन वर्षांनी परत शोधाशोध? दोन, इथेच राहिलो तर येत्या दीड वर्षात मेंटेनन्समधून प्रोजेक्टकडे जाता येईल का? लग्नाचं आत्ता नको. पत्रिकेवरून सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट कळवा.

कुडाळकर काका
पत्र झकास. 'माझं भविष्य कसं आहे' असं विचारणाऱ्याला काहीही सांगून वाटेला लावता येतं, या मुलाला नाही लावता येणार. पण वेळ पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर महादशाच बदलते, सगळं गणित कोसळतं. आधी वेळ पक्की करा.

पंचांगवाले आजोबा
काका, महादशा चंद्राच्या नक्षत्रावरून काढतात आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो. या मुलाचं नक्षत्र उत्तरा फाल्गुनी, जन्मदशा रवीची, म्हणजे सहा वर्षांची. दहा मिनिटांनी वेळ हलली तर दशा पंधराएक दिवसांनी सरकते, बस्स.

मात्र आजीचा शुक्रवार ऐकून कुणी १३ तारीख घातली तर घोटाळा होतो. चंद्र पूर्वा फाल्गुनीत जातो, सुरुवात शुक्राच्या दशेने होते आणि आज राहूऐवजी चंद्राची महादशा दिसते. अशा मध्यरात्रीनंतरच्या जन्मांच्या चुकीच्या पत्रिका मी पुष्कळ पाहिल्यात. पोराने तारीख आणि वार दोन्ही लिहिले, हे फार बरं केलं.

पाच मिनिटांचा खरा फटका लग्नाला, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीला आहे. त्या पहाटे देवगडला २:४० च्या सुमारास सिंह लग्न संपून कन्या लागतं. मंगळ सिंहेत, अगदी शेवटच्या अंशांत. २:३५ धरलं तर सिंह लग्न: मंगळ चतुर्थ आणि नवम या घरांचा मालक, म्हणजे योगकारक, आणि तो लग्नातच. यावर बहुतेक जण म्हणतील, इथेच थांब, अधिकार वाढेल. आजीची वेळ धरली तर कन्या लग्न. तोच मंगळ आता तृतीय आणि अष्टमाचा मालक होऊन बाराव्यात जातो. बारावं म्हणजे खर्च, दूरदेश. त्यावर म्हणतील, मस्कतला जाणार, पण दगदग आहे. त्याचे दोन प्रश्न नेमके या पाच मिनिटांवर उभे आहेत.

नोकरीधंद्यासाठी पाहतात ती दशमांश कुंडलीही इथे पाहू नये. ती बारा-एक मिनिटांनी बदलते, आणि इथे शंकाच दहा मिनिटांची.

वेंगुर्ल्याची सुगरण
मुलाला मंगळ आहे का मग? आमच्या भाचीसाठी बघतोय, ती पण इंजिनिअरच आहे.

पंचांगवाले आजोबा
ताई, दोन्ही लग्नांनी आहे. पहिल्यात किंवा बाराव्यात. पण त्याने 'लग्नाचं नको' असं लिहिलंय हो.

मालवणी बाणो
आमच्या झिलाचा येगळाच. माझी स्वतःची तारीख शाळेत गुरुजींनी १ जून टाकल्यानी, कारण खरी कोणाक ठावकच नाय. म्हणून झिलाच्या वेळी मी घड्याळ घेऊन दारात उभो. तरी पत्रिका दोन ज्योतिषांनी दोन केल्यानी! मागाहून कळला, एकान जन्मठिकाण मालवणऐवजी मुंबई घातल्यान.

पंचांगवाले आजोबा
त्याने काही मिनिटांचाच फरक पडतो. एरवी कुणी बघणार नाही, पण जन्म लग्नसंधीवर, म्हणजे एक लग्न संपून दुसरं लागतं त्या वेळी असला तर तेवढाही पुरतो.

रत्नांग्रीचो पाव्हणा
मला २०१९ ला असाच प्रश्न होता, पुणे की रत्नागिरी. माझ्या जन्मवेळेचा पत्ताच नव्हता, म्हणून कृष्णमूर्ती पद्धतीवाल्यांकडे गेलो. त्यांनी १ ते २४९ मधला एक आकडा मनात धरून सांगायला लावला. त्या आकड्यावरून लग्नाचा अंश ठरतो, जन्मवेळ लागतच नाही. अट एकच, एका वेळी एकच प्रश्न आणि तोही हो-नाहीचा. मी दोन विचारायला लागलो तर थांबवलंन. 'बदल होईल' म्हणाले. झाला, पण त्यांनी सांगितलेल्या महिन्यांत नाही, बऱ्याच उशिरा. याला बरोबर म्हणायचं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तारांगण
विरस करायचा नाही, पण जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा एकूण २०० पत्रिका. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पाहून उत्तरं दिली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. मुलाने मस्कतच्या कंपनीत आधी काम करून आलेल्या दोघांना फोन करावा आणि करारातलं मुदतवाढीचं कलम वाचावं.

पंचांगवाले आजोबा
फोन करावाच, मीही तेच सांगेन. त्या चाचणीबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो वाद इथे नको.

देवगडची मामी
आज पत्राचं उत्तर आलं. आजोबांसारखंच लिहिलंय: लग्नसंधी आहे, सिंह की कन्या हे ठरल्याशिवाय सांगणार नाही. मंगळाच्या महादशेत, साधारण २०१३ ते २०२०, काय काय घडलं ते तारखांनिशी मागितलंय. सिंह असेल तर तो काळ चढता हवा, कन्या असेल तर दुखापत किंवा मोठा खर्च हवा.

आता गंमत बघा. २०१४ ला दहावीत तो शाळेत पहिला आला. २०१७ ला बाइकवरून पडून पायात रॉड बसला. म्हणजे दोन्ही झालं! कुठलं लग्न धरायचं?

पंचांगवाले आजोबा
अशा दोन घटनांवरून ठरवायला लागलं तर ज्याला जे हवं ते तो ठरवतो. अजून चार-पाच तारखा द्या, आणि त्यांत नोकरी लागल्याची हवीच. तेवढ्यानेही ठरेल असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

सिस्टर, निवृत्त
मी बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणं केली. नियम असा की बाळ पूर्ण बाहेर आलं की घड्याळ बघायचं. पण रात्री ड्युटीवर एकटी असले की आधी बाळ रडवायचं, नाळ कापायची, बाईचं रक्त बघायचं. मग हात धुऊन लिहायचं, तेही अंदाजाने, पाचाच्या पटीत. २:३५ म्हणजे २:२५ ते २:४० मधलं काहीही समजा. आणि वॉर्डातलं घड्याळ रेडिओशी कुणी लावलेलं नसायचं. आजीला पावणेतीन वाटलं, ते बहुतेक बाळ तिच्या हातात दिलं तेव्हाचं असेल. तेव्हा २:३५ च्या पुढे फार जाऊ नका असं मी म्हणेन. डिस्चार्ज कार्ड नंतर उतरवून काढतात, मूळ नोंद लेबर रूमच्या रजिस्टरात असते. जन्मदाखल्यासाठी धावू नका, त्यावर वेळ नसते.

देवगडची मामी
धन्यवाद सिस्टर! भाचा शनिवारी घरी येतोय, रजिस्टरचं विचारायला त्याला पाठवते. एवढं जुनं रजिस्टर कुणाला मिळालंय का? अर्ज कुणाच्या नावे करायचा?

कुडाळकर काका
वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करा. आणि त्याला म्हणावं, मस्कतवाल्यांकडून आठवडाभराची मुदत मागून घे. महिनाअखेर तोंडावर आलीय.