[मंडळ-चर्चा] डॅशकॅमच्या क्लिपवरून अपघाताचा क्रम कसा मांडायचा?

मृणाल:
नमस्कार मंडळी. प्रकरण थोडक्यात. न्यू जर्सीतला ४० मैल मर्यादेचा रस्ता, प्रत्येक बाजूला दोन लेन. आमची गाडी सरळ जात होती, समोरून डावीकडे वळणारी एसयूव्ही आडवी आली आणि आमची गाडी तिच्या मागच्या दारावर आदळली. ती बाई म्हणते, सिग्नल लाल झाला होता आणि आमची गाडी भरधाव होती. तिच्या विमा कंपनीचा अॅडजस्टर आमच्यावर ३० टक्के दोष टाकतोय. त्याची कारणं तीन: स्क्रीनवर धडकेच्या क्षणी ४३ दिसतंय, ते कमी होत नाही म्हणजे ब्रेक लागलाच नाही, आणि पिवळा दिवा मध्येच नाहीसा होतो म्हणजे लाल झाला. मी त्याला क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. मूळ फाइल कार्डावर आहे. ड्राइव्हवर ठेवून लिंक देते.

आदित्य:
मृणाल, यात अवघड काही नाही. क्लिप व्हीएलसीमध्ये उघड, `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जा. अमेरिकेत लेनची तुटक रेघ १० फूट आणि मधली जागा ३० फूट, म्हणजे एका रेघेच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत ४० फूट. मी पाच टप्पे मोजले, २०० फूट. त्याला ९६ फ्रेम लागल्या. ३० फ्रेमचा सेकंद धरला तर ३.२ सेकंद, म्हणजे ताशी ४२.६ मैल. वाईट वाटतं सांगायला, पण स्क्रीनवरचा ४३ बरोबर आहे.

अमोल:
कोणता कॅमेरा आहे हा? रात्री नंबरप्लेट दिसते का? मलाही घ्यायचाय, २०० डॉलरच्या आत.

सुहासकाका:
अमोल, तुझं वेगळ्या धाग्यात घे बाबा.

आदित्य, रीत बरोबर आहे, पण दोन गोष्टी तू गृहीत धरल्यास आणि दोन्ही इथे चुकतात.

पहिली, वेळ. फ्रेम मोजून ३० ने भागायचं नाही. कार्डावर लिहिणं मागे पडलं की कॅमेरा फ्रेम गाळतो, आणि गाळलेली फ्रेम डोळ्यांना दिसत नाही, फक्त चित्र किंचित उडी मारतं. प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्येच लिहिलेली असते, ती काढून घ्या:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 crash.MP4 > times.csv
```

मृणालची मूळ फाइल मी तपासली. हा कॅमेरा २९.९७ चा आहे, त्यामुळे दोन ओळींत ०.०३३४ सेकंदांचं अंतर हवं. तुझ्या त्या पाच टप्प्यांत तीन ठिकाणी ते ०.०६६७ आहे. म्हणजे तीन फ्रेम गळल्या आहेत. खरी वेळ ३.३० सेकंद.

दुसरी, अंतर. १० आणि ३० हे नियमावलीतलं माप आहे. रंगवणारं यंत्र कधी थोडं पुढेमागे जातं, आणि रस्ता नव्याने रंगवला की पुन्हा वेगळं. मृणाल, उपग्रह नकाशावर त्याच लेनचे दहा टप्पे सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत मोज आणि दहाने भाग. एकच टप्पा मोजलास तर मापातली चूक रेघेएवढी होऊन बसेल. चौकाजवळ रेघ अखंड होते, तिथे हा हिशेब चालत नाही, म्हणून त्याआधीचाच भाग घ्यायचा.

मृणाल:
काका, दहा टप्पे ३९६ फूट आले. दोनदा मोजले.

सुहासकाका:
म्हणजे पाच टप्पे १९८ फूट. ३.३० सेकंदांत १९८, म्हणजे सेकंदाला ६० फूट, ताशी ४१ मैल. दोन्ही टोकांना एकेक फ्रेमची चूक धरली आणि नकाशाच्या मापातली थोडी, तर एक मैल इकडेतिकडे. अॅडजस्टरला "४१, एक मैल कमीजास्त" असंच लिही. ४०.९ लिहिलंस तर तो ते खोडून काढण्यात पुढचा महिना घालवेल.

आता स्क्रीनवरचा ४३. तो जीपीएसवरून येतो, सेकंदातून एकदा बदलतो आणि आकडा सपाट करून दाखवतो, त्यामुळे मागे राहतो. किती मागे, ते याच फाइलमध्ये मोजता येतं. सुरुवातीला गाडी एका सिग्नलला थांबली आहे. विजेचा खांब काचेत सरकायला लागला तो क्षण घे, आणि आकडा शून्यावरून हलला तो क्षण घे. मधे जवळजवळ दीड सेकंद आहे. धडकेनंतर गाडी उभी राहिलेली डोळ्यांना दिसते, तरी आकडा ४३ वरच आहे. हाच पुरावा पाठव: थांबलेल्या गाडीला ४३ दाखवणाऱ्या आकड्यावरून ब्रेक लागला की नाही ते ठरत नाही.

ब्रेक चित्रात दिसतो. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि क्षितिज बॉनेटच्या कडेपासून वर सरकतं. ते धडकेच्या ०.६ सेकंद आधी सुरू होतं.

आदित्य:
गळलेल्या फ्रेमचं मान्य. पण ४१ सुद्धा ४० पेक्षा जास्तच. मग ३० टक्के नाही तर १० टक्के तरी लागतीलच ना? आणि पिवळ्याचं काय? फ्रेममध्ये दिवा खरंच विझलेला आहे, मी पाहिला.

सुहासकाका:
दिव्याचं आधी. हे सिग्नल एलईडीचे असतात. इथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात आणि मंदावतात. भर उन्हात कॅमेऱ्याचं शटर अगदी थोडा वेळ उघडतं आणि कधीकधी नेमका मंद क्षण पकडतं. २९.९७ ला चारने गुणलं तर ११९.८८ येतात, १२० ला थोडे कमी. या फरकामुळे मंदपणा हळूहळू सरकतो आणि साधारण ८.३ सेकंदांनी परत येतो. म्हणून खूण शोधायची ती अशी: खरा बदल एक-दोन फ्रेममध्ये होतो, हा मात्र आठ-दहा फ्रेम विझत जातो आणि तसाच पुन्हा पेटतो. आपल्या क्लिपमध्ये पिवळा धडकेच्या १.३ ते १.० सेकंद आधी मंदावतो आणि ०.९ ला परत पिवळाच दिसतो. त्याच्या सव्वाआठ सेकंद आधी जा, तिथे हिरवासुद्धा अस्साच विझून पेटलेला आहे. व्हॉट्सअॅपच्या प्रतीत हा दिवा चार ठिपक्यांचा चिखल झालाय, त्यात अॅडजस्टरला काय दिसणार?

आता क्रम. धडकेचा क्षण शून्य धरला:

२.६ सेकंद आधी पिवळा पेटला.
१.७ सेकंद आधी एसयूव्हीचं पुढचं चाक मधली रेघ ओलांडतं.
०.८ सेकंद आधी आपली गाडी थांबायची रेघ ओलांडते.
०.६ सेकंद आधी ब्रेक.

यातल्या तिसऱ्या ओळीत बहुतेक जण चुकतात. रेघ बॉनेटखाली दिसेनाशी होते ती १.० ला. पण बॉनेटमुळे समोरचा काही फूट रस्ता झाकलेला असतो. त्याच मॉडेलच्या गाडीत त्याच जागी कॅमेरा लावून मोजलं तर साधारण १२ फूट येतात, म्हणजे सेकंदाला ६० फुटांच्या वेगाने ०.२ सेकंद. वेग काढताना हे लागत नाही, कारण दोन्ही टोकांना चूक सारखीच असते. जागा सांगताना मात्र लागतं.

पिवळा पेटला तेव्हा गाडी रेघेपासून सुमारे १०८ फूट मागे होती. सिग्नलची वेळ ठरवताना वाहतूक अभियंते एक सेकंद प्रतिक्रियेला आणि दर सेकंदाला वेग १० फूट प्रति सेकंदाने कमी करणारं सौम्य ब्रेकिंग धरतात. त्या हिशेबाने थांबायला २४० फूट हवेत. न्यू जर्सीच्या वाहतूक कायद्याच्या कलम ३९:४-१०५ मध्ये पिवळ्याला थांबायचं म्हटलंय, पण सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतकी गाडी जवळ असेल तर सूट आहे. डावीकडे वळणाऱ्याने समोरून जवळ आलेल्या गाडीला वाट द्यायची, ते ३९:४-९०.

आदित्यच्या एका मैलाबद्दल. एसयूव्ही वळली तेव्हा धडकेची जागा ९८ फुटांवर होती. ब्रेक १.१ सेकंदाने लागला, म्हणजे चालक झोपलेला नव्हता. तीच प्रतिक्रिया आणि कचकचून ब्रेक धरून हिशेब केला तर ताशी ४० ला थांबायला सुमारे १४० फूट लागतात, ३५ ला ११५. दोन्ही ९८ पेक्षा जास्त, म्हणजे त्या जागेआधी गाडी थांबतच नाही. "तो एक मैल नसता तरी अपघात टळला नसता" हे वाक्य अॅडजस्टरपुढे ठेव. तरीही तो पाच-दहा टक्के ठेवेल का? ठेवू शकतो.

वर्षाताई:
मृणाल, प्रमाणपत्र जोडायला विसरू नकोस! पुण्यात माझ्या भाच्याच्या मोटारसायकलच्या केसमध्ये मागच्या टेम्पोच्या कॅमेऱ्याची क्लिप होती. वकिलांनी सांगितलं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नसेल तर न्यायाधिकरणात क्लिप पुढे सरकणारच नाही.

सुहासकाका:
वर्षाताई, पुण्यासाठी अगदी बरोबर. १ जुलै २०२४ पासून ते कलम ६३(४), आणि त्या नमुन्यात हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारी अंक-अक्षरांची ओळखीची ओळ, लिहावा लागतो. इथल्या विमा कंपनीला ते प्रमाणपत्र नको. पण हॅशची सवय इथेही चांगली. मृणाल, कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेव, नाहीतर जुन्यावर नवं चढेल. प्रत केलीस की विंडोजवर `certutil -hashfile crash.MP4 SHA256` चालव आणि येणारी ओळ पत्रात लिही. उद्या कुणी म्हणालं की क्लिप कापलीय, तर ती ओळ बोलेल.

मृणाल:
काका, एक अडचण आहे. धडकेनंतर ध्वनीत यांचं "अरे, दिसलाच नाही" आहे. मूळ फाइल दिली तर तेही जाणार. आवाज काढून टाकू का?

आदित्य:
काढ. चित्राचाच वाद आहे, आवाज कोण मागतंय?

सुहासकाका:
काढू नकोस. आवाज काढलेली फाइल म्हणजे बदललेली फाइल, हॅशही बदलला. शिवाय त्या वाक्यात कोणाला काय दिसलं नाही ते कुठे आहे? आपल्याला वाटतं "मला दिसलाच नाही", पण "तिला सिग्नल दिसलाच नाही" असंही कुणी म्हणेल. भाषांतर करणारा कर्ता स्वतःच्या मनाने घालणार, ही खरी भीती आहे. मी असतो तर भाषांतर मागितलंच तर शब्दाला शब्द, कर्ता रिकामा ठेवून दिलं असतं. पण हे वकिलाला विचार, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

वर्षाताई:
मला विचाराल तर "दिसलाच नाही" म्हणजे "मला". उगाच फाटे कशाला?

मृणाल:
वकिलांना विचारते. सिग्नलची वेळपत्रिका मागायला काउंटीकडे सरकारी नोंदी मिळवण्याच्या ओपीआरए कायद्याखाली अर्ज आजच टाकला, पिवळा किती सेकंदांचा ते त्यात असेल ना?

सुहासकाका:
असेल. अपघाताच्या तारखेला लागू असलेली पत्रिका माग, आत्ताची नको. आणि गाडी कुठे आहे? एअरबॅग उघडल्या होत्या, म्हणजे गाडीच्या आतल्या नोंदयंत्रात धडकेआधीच्या पाच सेकंदांचा वेग आणि ब्रेक असणार, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने. तो माहितीसाठा गाडीच्या मालकाचा असतो.

मृणाल:
गाडी टोटल लॉस. विमा कंपनीच्या यार्डात आहे, शुक्रवारी लिलावाला जाणार म्हणाले.

सुहासकाका:
मग आधी ते. मालकी अजून हस्तांतरित झाली नसेल तर आजच ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र दोन्ही: गाडी आणि तिच्यातला नोंदसाठा राखून ठेवा, विकू नका. व्हीआयएन आणि क्लेम नंबर दोन्हीवर लिही.