शब्दचर्चा: खरेदीच्या टिपणीतील ‘एकच’, ‘एकमेव’ आणि ‘एकल’

भांडारपाल, नांदेड: आमच्या प्रयोगशाळेतील एचपीएलसी यंत्राला ऑटोसॅम्पलर आणि दोन सी-18 कॉलम मूळ उत्पादकाकडूनच घ्यायचे आहेत. ‘सदर साहित्याचा एकच पुरवठादार असल्याने दरपत्रके प्राप्त झाली नाहीत’ असे मी टिपणीत लिहिले. लेखाधिकाऱ्यांनी ‘एकच’खाली लाल रेघ ओढून नस्ती परत पाठवली. ‘एकमेव’ लिहिले तर चालेल काय?

निवृत्त अधीक्षक, परभणी: लाल रेघ खरे तर ‘प्राप्त झाली नाहीत’ या शब्दांखाली हवी होती. त्याचा अर्थ तुम्ही दरपत्रके मागवली आणि कोणी दिली नाहीत, असा होतो. तुम्ही ती मागवलीच नाहीत, तेव्हा ‘मागविण्यात आली नाहीत’ असे सरळ लिहून पुढे कारण द्यावे. ‘एकमेव’ लिहायचे तर एकमेव कोण, उत्पादक की विक्रेता, हेही यायला हवे. ‘मराठवाड्यातील एकमेव अधिकृत विक्रेता’ हे कारण टिकत नाही, कारण तीच वस्तू पुण्याचा विक्रेताही देऊ शकतो.

शिक्षक, बीड: आमच्या शाळेने संगणकांसाठी जाहीर निविदा काढली, पण एकच आली. ती एकल निविदाच झाली ना?

निवृत्त अधीक्षक: नाही, सर. बोलावणे सगळ्यांना होते, आला एक. एकल निविदेत बोलावणेच एकाला असते. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

प्राध्यापिका, लातूर: एवढा शब्दच्छल कशाला? उत्पादकाच्या लेटरहेडवर मक्तेदारीचे प्रमाणपत्र घेतले की झाले. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 166 मध्येही प्रमाणपत्रच सांगितले आहे.

निवृत्त अधीक्षक: मॅडम, प्रमाणपत्र सांगितले आहे हे खरे, पण ते खरेदी करणाऱ्या विभागाने द्यायचे असते. दुसरी बनावट किंवा मॉडेल का चालणार नाही, याची कारणे त्यात विभागाने स्वतः लिहायची असतात. उत्पादकाचे पत्र सोबत जोडावे, पण स्वतःची मक्तेदारी कोण नाकारील?

भांडारपाल: कारण असे, की आमच्या यंत्राचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचा ऑटोसॅम्पलर चालवत नाही.

निवृत्त अधीक्षक: मग त्याच्यापुरते कारण पक्के आहे, ते तज्ज्ञाच्या सहीने घ्या. कॉलमला मात्र ते लागू नाही. 250 मिलिमीटर लांब, 4.6 मिलिमीटर व्यासाचे सी-18 कॉलम अनेक कंपन्या बनवतात आणि ते तुमच्या यंत्राला बसतात. ते टिपणीतून काढून त्यांची दरपत्रके मागवा. उरलेले वाक्य असे होईल: ‘प्रस्थापित यंत्राच्या नियंत्रण सॉफ्टवेअरशी केवळ याच उत्पादकाचा ऑटोसॅम्पलर सुसंगत असल्याने स्पर्धात्मक दरपत्रके मागविण्यात आलेली नाहीत.’ तुलनेला दुसरा दर नसल्यामुळे याच उत्पादकाने इतर संस्थांना दिलेल्या पुरवठ्याच्या आदेशांच्या प्रती जोडून दर वाजवी असल्याचे दाखवा.

प्राध्यापिका: दोन्ही कॉलम वापरून करायच्या चाचणीची पद्धत त्याच बनावटीवर प्रमाणित झालेली असेल तर?

निवृत्त अधीक्षक: तर ते वेगळे कारण होईल. पण बनावट बदलून पद्धत पुन्हा प्रमाणित करता येते, असे लेखापरीक्षक म्हणतील आणि त्यांचेही खोटे नाही.

भांडारपाल: विभागप्रमुखांना तेवढे विचारून येतो. ऑटोसॅम्पलरची टिपणी मात्र आजच वेगळी करतो.