तोच फोटो, नवीन ओळ: यात विनोद कुठला?

निवृत्त मास्तर (धंतोली): मोबाईलवर फिरणारा तो मीमचा फोटो पुन्हा आला: निळ्या कपड्यातल्या प्रेयसीसोबत चालणारा पोरगा मागे वळून लाल ड्रेसवालीकडे बघतोय. तोच पोरगा, तीच मागे वळलेली मान, त्याच दोन पोरी. वर नुसते शब्द बदलायचे आणि विनोद झाला म्हणायचं! चित्र उसनं, मांडणी उसनी. आमच्या वेळी व्यंगचित्रकार रोज नवीन रेष ओढायचा. यात विनोद नेमका कुठे आहे, ते कोणीतरी मला दाखवावं.

कूलरवाला: मास्तर, सकाळपासून तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडलो, म्हणून लांबलचक लिहितो.

तो फोटो अँतोनिओ गियेम या स्पॅनिश फोटोग्राफरने 2015 मध्ये जिरोना शहरात काढला. जाहिरातवाल्यांना विकायचा साधा स्टॉक फोटो होता. तो नुसता पडून होता तेव्हा कोणाला हसू आलं नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिघांच्या अंगावर नावं चिकटवलेला तोच फोटो जगभर फिरला. म्हणजे विनोद फोटोत नव्हताच.

फोटो फक्त जागा देतो. डावीकडे मोह, मधे माणूस, उजवीकडे सोडून दिलेलं. कोण कोणाकडे बघतंय ते एकदा डोक्यात बसलं की परत सांगावं लागत नाही. व्यंगचित्रकाराची अर्धी रेष कोण कोण आहे हे कळवण्यातच जाते, इथे ते काम आधीच झालेलं असतं. उरतं एवढंच, की कोणत्या जागेवर कोणाला बसवायचं.

आता घरचं सांगतो. मागच्या मे महिन्यात आम्ही एसी बसवला. मी लगेच फोटो केला: माणसावर 'बाबा', लाल ड्रेसवर 'नवीन एसी', निळ्या कपड्यातल्या पोरीवर 'जुना कूलर'. फॅमिली ग्रुपवर दोन अंगठे आले, त्यातला एक आईचा. बरोबरच होतं. नवीन वस्तूकडे माणूस वळतो, हे सगळ्यांना माहीतच होतं.

मग फक्त दोन नावांची अदलाबदल केली. लाल ड्रेसवर 'जुना कूलर', निळ्या पोरीवर 'नवीन एसी'. काका हसता हसता खोकायला लागले. कारण बाबा खरंच दुपारी एसी बंद करून कूलरपुढे चटई टाकतात, आणि दर एप्रिलला त्याचं गवत स्वतः बदलतात. फोटो म्हणतो या जागेवर झगमगीत मोह असतो, आणि तिथे आमचा 20 वर्षांचा, गंजलेला पत्र्याचा डबा. शिवाय आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून एसी शेवटी भेटतो, तोंड वासून उभा! ते तोंड फोटोतलंच आहे, मी काही काढलं नाही. पुण्याच्या चुलतभावाने मात्र विचारलं, "पण एसीच बरा ना?" त्याने बाबांना कूलरपुढे झोपलेलं बघितलंच नाही.

तर्री ज्यादा: राजेहो, एवढं लांबण कायले? चेहरा ओळखीचा झाला की हसू येतेच, संपला विषय. अन् हे बाहेरचं सांगायची गरजच नाही. आपल्या मारबतीले विसरले का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पुतळा मिरवत नेतात, अन् रस्त्यानं आरोळी घुमते, "घेऊन जा गे मारबत!" समोर कधी रोगराई, कधी महागाई. वाक्य तेच, माल नवा. आपण नागपूरवाले मीम कधीचे करून ऱ्हायलो.

कूलरवाला: ओळखीच्या चेहऱ्याने हसू येत असतं, तर माझ्या पहिल्या फोटोलाही आलं असतं. दोन्हीत चेहरे तेच होते ना? मारबतीचं अर्धं मान्य. आरोळीचा साचा ठरलेला, फक्त एक जागा रिकामी, हे जुळतं. पण त्याच मिरवणुकीतले बडगे तसे नाहीत. बडग्याचा पुतळाच दरवर्षी नवा, पाटीही नवी. ते मास्तरांच्या व्यंगचित्राच्या जवळ जातं.

इतवारीचा नातू: बडग्यांना व्यंगचित्र म्हणणाऱ्याने आधी मिरवणुकीत चालून दाखवावं. आमच्या आजोबांनी पिवळ्या मारबतीला खांदा दिलाय. दोन्ही मारबती एकमेकींना भेटतात तेव्हा काय गर्दी असते, ते फोटो काढणाऱ्यांना काय कळणार?

तर्री ज्यादा: खांदा दिला असंन, पण काळी मारबत आधीची आहे. आधी तेवढं कबूल करा.

इतवारीचा नातू: इथे कोणी वयाचा दाखला मागितला?

महालची मावशी: मला वेगळंच विचारायचंय. माणसाचा फोटो असा वापरताना त्याची परवानगी नको का? भाचीच्या लग्नात मी सांबारवडीचं ताट बघत होते, तेवढ्यात एका पोराने फोटो काढला. मग रोज नवीन ओळ. 'मावशी आणि तिसरी वडी.' 'मावशी आणि विजेचं बिल.' 'मावशी आणि पगारवाढीची बातमी.' पहिल्या आठवड्यात मीही हसले, खोटं कशाला बोलू. नंतर सगळ्यांनी तेच केलं आणि दिवाळीपर्यंत कोणी बघेनासं झालं. माझं तोंड तेवढं अजून फिरतंय.

कूलरवाला: मावशी, परवानगीबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्हीच मुद्दा सांगितलात. विजेचं बिल आलं तेव्हा ताटाकडची तुमची नजर बिलावर गेली, म्हणून गंमत. पगारवाढीत काय? ताट काय नि पगार काय, दोन्ही हवेहवेसेच. नजर आणि ओळ एकाच दिशेला गेली की विनोद संपतो. दिवाळीपर्यंत तुमच्या फोटोचं तेच झालं.

रेशीमबाग रीडर: कूलरवाल्यांचं 'फोटो फक्त जागा देतो' मला पटत नाही. 2018 मध्ये स्वीडनमध्ये एका इंटरनेट कंपनीने हाच फोटो नोकरीच्या जाहिरातीत वापरला. माणसावर 'तुम्ही', निळ्यावर तुमची सध्याची नोकरी, लाल ड्रेसवर कंपनीचं नाव. तिथल्या जाहिरात लोकपालाने ती लिंगभेदी ठरवली, कारण बायका म्हणजे बदलायच्या वस्तू असा अर्थ निघत होता. नावं बदलली तरी चित्रातला पुरुष पुरुषच राहतो. तुमच्या कूलरच्या फोटोतही एक बाई सोडून दिलेलीच आहे, ती फक्त एसी झाली.

कूलरवाला: हे मी पाहिलं नव्हतं. पण आईला अंगठा द्यायला काही वाटलं नाही...

रेशीमबाग रीडर: आईने पहिल्याला अंगठा दिला होता. दुसऱ्याला दिला का?

कूलरवाला: तपासून सांगतो.

निवृत्त मास्तर (धंतोली): वाचतोय सगळं. दोन नावं फिरवल्याने इतका फरक पडतो हे मला ठाऊक नव्हतं, एवढं लिहून ठेवा आणि लगेच खुश होऊ नका. संध्याकाळी नातवाकडून एक करवून घेतला. माणसावर: 'निवृत्तीनंतर रोज सकाळी नियमाने फिरायला जाण्याचा संकल्प केलेला गृहस्थ'. लाल ड्रेसवर: 'कोपऱ्यावरच्या टपरीवरचा गरमागरम तर्री पोहा'. निळ्या मुलीवर: 'डॉक्टरांनी सांगितलेला कमी तेलाचा आहार'. नातू हसला नाही. तो म्हणाला, "आजोबा, अक्षरं इतकी बारीक झाली की चेहरे दिसत नाहीत." आता सांगा.

कूलरवाला: मास्तर, माणसावर फक्त 'मी'. लाल ड्रेसवर 'तर्री', निळीवर 'उकडलेली लौकी'. पण हाही माझ्या पहिल्या एसीसारखाच आहे, सगळ्यांना माहीत असलेला. काकू तुम्हाला चोरून तर्री आणून देतात असं काही असेल, तर तिथून सुरू करा.

निवृत्त मास्तर (धंतोली): ते तुम्हाला कोणी सांगितलं?

तर्री ज्यादा: अन् काळी आधीची, हे अजून कोणीच कबूल नाही केलं.