मदत हवी आहे: थारचं क्षेत्रफळ नेमकं कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत आठवी-नववीला भूगोल शिकवते. थारचा तक्ता करायला बसले आणि अडकले.

एका पुस्तकात थार सुमारे 2 लाख चौरस किमी, भारत-पाकिस्तान मिळून. दुसरीकडे भारतातला उष्ण शुष्क प्रदेशच सुमारे 3.17 लाख. म्हणजे भाग अख्ख्यापेक्षा मोठा! नंतर कळलं, दुसरा आकडा वाळवंटाचा नाहीच. तो पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावर काढलेल्या पट्ट्याचा आहे. त्यात आंध्रातलं अनंतपूरसुद्धा येतं. तिथे कुठला आलाय थार?

खरा घोळ 61 टक्क्यांचा आहे. 'राजस्थान 61 टक्के' एवढंच लिहिलेलं असतं. कशाचे 61? राजस्थानच्या 3.42 लाख चौरस किमीपैकी धरले तर सुमारे 2.09 लाख होतात. देशाच्या शुष्क प्रदेशापैकी धरले तर 1.93 लाख. दोन्ही विधानं छापलेली सापडतात, आणि आकडा एकच असल्यामुळे पोरं बिनधास्त अदलाबदल करतात. एकाने तर थारच्याच 2 लाखांचे 61 टक्के काढून 1.22 लाख लिहिले. गुणाकार बरोबर, मग मार्क कापू कसे?

आता तक्त्यात प्रत्येक टक्क्यापुढे 'कशापैकी' आणि सीमा कशावरून ठरवली (वाळू की पाऊस) असे दोन रकाने वाढवलेत. पण परीक्षेत एकच आकडा मागतात. तुम्ही पोरांना कोणता लिहायला सांगता? आणि भारत-पाकिस्तानची विभागणी 85-15 देताना एकूण आकडा सोबत लिहून घेता का?