मदत हवी आहे: बूटस्ट्रॅपच्या हिस्टोग्रामला चार उंचवटे का येतात?

बोअर_हिंगणा: नागपूरजवळच्या एका गावातल्या 8 बोअरवेलचं नायट्रेट मोजलं आहे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये: 22, 31, 35, 38, 41, 47, 52, 118. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 आहे आणि आपली सरासरी 48 येते. ती किती भरवशाची हे पाहायला बूटस्ट्रॅप केला: आठातून आठ आकडे काढायचे, प्रत्येक आकडा काढला की परत टाकायचा, सरासरी घ्यायची, असं 10,000 वेळा. 95 टक्क्यांची पट्टी साधारण 33 ते 70 आली. पण हिस्टोग्राम घंटेसारखा नाही. 38, 48, 58 आणि 68 जवळ वेगवेगळे उंचवटे दिसतात. कोड चुकला का?

संत्रानगरी: 10,000 कमी पडतात. 1 लाख करा, आलेख गुळगुळीत होईल.

आकडेमोड_धरमपेठ: 1 लाख केल्याने पट्टीची टोकं कमी हलतील, एवढं खरं. उंचवटे मात्र जाणार नाहीत, उलट जास्त स्पष्ट दिसतील. ते नशिबाने आलेले नाहीत, तुमच्या डेटातच आहेत.

118 एका फेरीत किती वेळा निघतो ते बघा. एकदाही न निघण्याची शक्यता 7/8 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 34 टक्के. एकदा निघण्याची 39, दोनदा 20, तीनदा 6 टक्के. उरलेल्या सात आकड्यांची सरासरी 38 आहे आणि 118 त्यापेक्षा 80 ने मोठा. म्हणून तो जितक्या वेळा येतो तितक्या वेळा फेरीची सरासरी 80/8, म्हणजे 10 ने वर सरकते. 38, 48, 58, 68 हे तेच. एका उंचवट्याच्या आतला पसारा जेमतेम 3 चा आहे, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. स्वतः मोजून घ्या:

```python
import numpy as np
x = np.array([22,31,35,38,41,47,52,118])
rng = np.random.default_rng(7)
i = rng.integers(0, 8, size=(10000, 8))
m = x[i].mean(axis=1)
k = (i == 7).sum(axis=1)
for j in range(4):
    print(j, (k == j).sum(), m[k == j].mean())
```

कोड बरोबर आहे. तुमची 33 ते 70 ही पट्टी मुख्यतः एकाच बोअरवर टांगलेली आहे, हे तो आलेख सांगतो.

संत्रानगरी: मग 118 काढून टाका ना. प्रश्नच मिटला.

आकडेमोड_धरमपेठ: मिटत नाही, झाकला जातो. त्या बोअरशेजारी शोषखड्डा किंवा शेणाचा ढीग असेल तर 118 हाच गावाचा खरा प्रश्न आहे. आधी त्याच बोअरचं पाणी पुन्हा घेऊन तपासा. प्रयोगशाळेची चूक सिद्ध झाली तरच आकडा काढा.

बोअर_हिंगणा: प्रत्येक बोअरच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या, वरचे आकडे त्यांच्या सरासरीचे आहेत. 16 आकडे वेगळे धरले तर पट्टी अरुंद होईल का?

आकडेमोड_धरमपेठ: होईल, पण खोटी. एकाच बोअरच्या दोन बाटल्या जवळपास सारख्याच येणार. त्यांच्यातला फरक तपासणीची चूक दाखवतो, बोअराबोअरांतला फरक नाही. चिठ्ठी बोअरची काढायची, बाटलीची नाही.

आणखी एक गोष्ट. आठच आकडे असताना साधा बूटस्ट्रॅप पसारा थोडा कमीच दाखवतो, कारण तो 7 ऐवजी 8 ने भागतो. इथे सरासरीची प्रमाण त्रुटी 9.8 येते, नेहमीच्या सूत्राने 10.5. शिवाय डेटा एका बाजूला झुकलेला. म्हणून 95 टक्क्यांची म्हणून लिहिलेली पट्टी प्रत्यक्षात तितक्या वेळा खरी ठरत नाही. टी-सूत्राने 23 ते 73 येते, पण ती दोन्हीकडे सारखी पसरते आणि खालचं टोक उगाच ओढते. अहवालात दोन्ही द्या, आणि आठही आकडे द्याच.

स्लॅब_वर्धारोड: भाऊ, आमच्याकडे काँक्रीटचे तीनच क्यूब असतात. त्यावर चालेल का हे?

आकडेमोड_धरमपेठ: नाही जी. तिनातून तीन काढले तर क्रम सोडून 10 च वेगळे संच होतात, आणि नऊपैकी एका फेरीत तिन्ही वेळा एकच क्यूब निघतो. तिथे पट्टी काढूच नका. एकाच ग्रेडच्या आणि मिश्रणाच्या बऱ्याच नमुन्यांचे निकाल जमवा आणि नमुन्याची सरासरी हा एक आकडा धरा.

पाणी_तपास: प्रश्न मर्यादेचा असेल तर सरासरी कशाला? मीडियन 39.5 आहे, 45 च्या खाली. घरं तर आपापल्या बोअरचं पाणी पितात.

आकडेमोड_धरमपेठ: हे पटतं. तीन बोअर मर्यादेच्या वर आहेत, हे वाक्य कुठल्याही पट्टीपेक्षा कामाचं आहे. मीडियनवर बूटस्ट्रॅप मात्र सांभाळून, आठ आकड्यांत तो मोजक्याच ठिकाणांवर उड्या मारतो.

बोअर_हिंगणा: 118 वाल्या बोअरचा नमुना सोमवारी पुन्हा घेतो. एक राहिलं: हे 8 बोअर रस्त्याकडेचे, जाता-येता सोपे म्हणून निवडलेले आहेत. गावात आणखी तीसेक असतील.

आकडेमोड_धरमपेठ: मग गावाबद्दल बोलायला बूटस्ट्रॅप मदत करणार नाही. तो या आठांतलंच परत परत फिरवतो. यादी करून उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून आणखी दहा-बारा निवडता येतील का?