हळू वाचणाऱ्या जोडीदाराला चिठ्ठी कशी लिहिलीत? अनुभव सांगा

धागाकर्ती: नवऱ्याला लहानपणापासून वाचायला वेळ लागतो. लग्नाच्या वाढदिवसाला मी त्याला चार पानी पत्र दिलं. आठवडाभर ते शर्टाच्या खिशात फिरलं, मग म्हणाला, "तूच वाचून दाखव ना." पहिलंच वाक्य होतं, 'आयुष्याच्या प्रत्येक वळणावर तुझ्या अस्तित्वाने मला समृद्ध केलं.' मग नव्याने लिहिलं:

पाऊस आला की
तू छत्री घेऊन
नाक्यावर उभा असतोस.
मला तू फार आवडतोस.

हे त्याने स्वतः वाचलं. 'छत्री' आणि 'नाक्यावर'मध्ये जोडाक्षरं आहेत, तरी अडला नाही. रोजचे शब्द ना! तुम्ही काय केलंत?

मीनल_७१: अक्षर मोठं काढलं की झालं! मी जाड मार्करने लिहिते.

निवृत्त बाई: मोठं हवंच, पण मार्कर जाड असला की 'ध' आणि 'घ' एकसारखे दिसतात, अनुस्वारही रेघेत बुडतो. माझ्या वर्गात साधं काळं जेल पेन चालायचं. दुरेघी वहीत एक ओळ सोडून लिहा, दोन शब्दांत बोटभर जागा ठेवा. अक्षरं लपेटून लिहू नका, शिरोरेषा प्रत्येक शब्दापुरती ओढा. ओळ संपली म्हणून शब्द तोडू नका. वाचताना जिथे थांबतो तिथेच खालच्या ओळीवर या. वर 'पाऊस आला की' नंतर तोडलंय, तसं.

पुणेकर: व्हॉइस नोट पाठवा की, एवढा खटाटोप कशाला?

धागाकर्ती: त्याला ती पाकिटात ठेवायची होती हो. व्हॉइस नोट पाकिटात कशी ठेवणार?

साताऱ्याचा: आमच्या हिला स्ट्रोकनंतर उजवीकडचं दिसत नाही. मी हौसेने आडव्या कागदावर मोठ्ठं लिहिलं, तर ती 'तू घरी आलीस' एवढंच वाचून थांबली. पुढचं 'आणि घर भरलं' तिच्या नजरेत आलंच नव्हतं. थेरपिस्टने सांगितलं, ओळी आखूड ठेवा आणि उजव्या कडेला लाल रेघ मारा. रेघ दिसेपर्यंत नजर न्यायची. आता ओळीला दोन-तीन शब्द. तरी दमलेली असली की रेघही सुटते, मग चिठ्ठी उद्यावर.

निवृत्त बाई: डावीकडचं सुटत असेल तर रेघ डावीकडे. आधी ते बघा, नाहीतर उलटंच व्हायचं.

कोकणकन्या: माझं जरा फसलं. नवरा रात्रशाळेत अक्षरं शिकला. मी बाराखडीसारखं ठळक लिहिलं, तर म्हणाला, "मी काय पहिलीत आहे?" पुढच्या वेळी अक्षर तेवढंच ठेवलं, पण आमच्या भांडणातलं वाक्य लिहिलं: 'भात करपला तरी तू खाल्लास.' वाचताना हसला, पण चिठ्ठी अजून ट्रंकेत आहे की चुलीत, विचारायची हिंमत झालेली नाही.