मदत हवी आहे : आजीच्या विटक्या बांगडीचा रंग दुकानात कसा जुळवतात?

अर्धीकथा : कथेत अडकले आहे, उद्या रात्रीपर्यंत द्यायची आहे. मुलगी आजीची विटलेली हिरवी बांगडी घेऊन तुळशीबागेत जाते. तोबा गर्दी. तिला अगदी तोच रंग हवा. बांगडीवाला काय करेल? 'डोळ्यांनी बघून देतो' यापुढे मला सुचत नाही. पटकन सांगा.

रिकामटेकडा : बांगडी काचेची, लाखेची की प्लॅस्टिकची? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

अर्धीकथा : काचेची, अर्थातच. आजीची आहे ना!

पैठणीवाली : माझंही असंच झालं होतं. पैठणीच्या काठाला ब्लाउजपीस जुळवायला चार दुकानं फिरले. शेवटी काठाचा धागा काढून नेला. तुमच्या मुलीलाही धागा न्यायला सांगा.

अर्धीकथा : बांगडीचा धागा?

उन्हातला : काच उन्हात रंग बदलते, म्हणून विटली असणार. जुन्या बाटल्या जांभळ्या झालेल्या मी स्वतः पाहिल्यात. तो रंग आता कुठेच मिळायचा नाही, कथा तिथेच संपवा.

कासारांची_सून : सासरी दोन पिढ्या बांगड्यांचं दुकान आहे, म्हणून लिहिते. बाटल्यांचं खरं आहे, पण ती बिनरंगी काच, त्यात मँगनीज असलं तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने जांभळी होते. हिरवी काच तशी विटत नाही, रंग वितळलेल्या काचेतच असतो. मग फिकी का दिसते? वर्षानुवर्षं भांडी, पाटा, दुसऱ्या बांगड्या यांच्यावर घासून तिच्या अंगावर बारीक चरे पडतात. उजेड त्यांवर विखुरतो आणि वर पांढरट धूर धरल्यासारखा दिसतो. साबणाची पुटंही असतात. 

आमचे सासरे अशी बांगडी आली की आधी बोट ओलं करून तिच्यावरून फिरवायचे. पाणी चऱ्यांत भरतं आणि क्षणभर खरा रंग वर येतो. तो पाहून ते खोकं काढायचे. वाळली की पुन्हा फिकी. तुमच्या मुलीला हे करू द्या.

रिकामटेकडा : आणि ओली करूनही फिकीच राहिली तर?

कासारांची_सून : मग रंग वरून दिलेला आहे, आत साधी काच. नक्षीच्या खाचेत बघायचं, घासलं न गेल्यामुळे तिथे मूळ रंग उरलेला असतो. लाखेची असती तर पाण्याचाही भरवसा नाही. तिला ऊन नि उष्णता दोन्ही बाधतं.

उन्हातला : म्हणजे उन्हाचं मी बरोबरच म्हणालो.

कासारांची_सून : लाखेपुरतं. विचारलंय काचेचं.

मापात_बसा : रंगाचं सोडा, माप काय? आजीचं दोन-चार असेल आणि मुलगी दोन-सहा घेऊन आली तर कथेत मोठी चूक.

अर्धीकथा : माप कथेत नाहीच! पाण्याचं मात्र छान आहे. मग ती ओली बांगडी बघून नवी घेते, आजी खूश. झालं?

कासारांची_सून : नाही हो. स्टॉलवर पांढरे दिवे झगझगीत असतात. त्यांत दोन हिरवे सारखे वाटतात आणि घरी आणल्यावर एक पोपटी, एक बाटलीसारखा निघतो. गिऱ्हाईक परत येतं ते याच कारणाने. गर्दीतून रस्त्याच्या कडेला नेऊन, पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवं. बांगडीवाला गर्दीत बाहेर नेऊ देईल का, हा तुमचा प्रसंग आहे, माझा नव्हे.

सरळप्रश्न : एक विचारू? आजोबा आहेत का?

अर्धीकथा : त्याचा काय संबंध?

सरळप्रश्न : सगळाच. आजोबा गेले असतील आणि आजी जुन्या रीतीची असेल तर हिरवी बांगडी ती हातात घालणारच नाही, डब्यात जपेल. मग जोडीला नवी कशाला?

अर्धीकथा : ...नाहीत. बांगडी डब्यातच आहे. बाकीच्या फुटल्या.

पैठणीवाली : 'फुटल्या' नका लिहू, 'वाढल्या' लिहा. आजीच्या तोंडी तर नकोच.

रिकामटेकडा : आजोबा गेले तेव्हा त्या उतरवून फोडल्या असतील तर? तिथे 'वाढल्या' पण नीट बसत नाही.

पैठणीवाली : बसतं, आमच्याकडे तेव्हाही तेच म्हणतात.

अर्धीकथा : थांबा. मुलीला हे माहीतच नाही. तिने ओल्या रंगाशी जुळवून नवी, चकचकीत बांगडी आणली. आजी ती जुनीशेजारी ठेवते. कोरड्या झाल्यावर दोन्ही वेगळ्याच दिसणार ना?

कासारांची_सून : दिसणारच. नवीवर चरे नाहीत. काच तीच असली तरी.

उन्हातला : सँडपेपर मारा नवीवर.

मापात_बसा : मापाचं अजून सांगितलं नाही.

अर्धीकथा : दोन-चार. मुलीच्या हातात बसते. आजीने ती मुलीच्या हातात भरली, इथपर्यंत लिहून झालंय. कोणती भरली, जुनी की नवी, ते ठरत नाहीये.